फेड की फास्टिंग: ग्लायकोलिसिस आणि ग्लुकोनिओजेनेसिसचा स्विच नक्की कुठे असतो?

प्रश्न: मॅडम, मी एमबीबीएस फर्स्ट इयरला आहे. फेड-फास्टिंगच्या एमसीक्यूत दरवेळी घोळ होतो. ग्लायकोलिसिस कोणतं हॉर्मोन चालू करतं, ग्लुकोनिओजेनेसिस कोणतं, आणि ते नक्की कुठल्या एन्झाइमवर काम करतं? इन्शुलिन-ग्लुकॅगॉन पाठ आहे पण प्रश्न जरा फिरवून आला की चुकतोच.

उत्तर:

आधी सरळ उत्तर. लिव्हरमध्ये जेवणानंतर इन्शुलिन ग्लायकोलिसिस चालू करतं आणि ग्लुकोनिओजेनेसिस दाबतं, उपाशीपोटी ग्लुकॅगॉन बरोबर उलटं करतं. आणि दोघंही हे ज्या एका रेणूची पातळी वरखाली करून करतात तो म्हणजे फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट. तो वाढला की ग्लायकोलिसिस, तो पडला की ग्लुकोनिओजेनेसिस. फिरवून आलेले बहुतेक प्रश्न याच रेणूभोवती फिरवलेले असतात, म्हणून मी सगळा वेळ यावरच घालवणार आहे, बाकीचं जाता जाता.

वर मी "लिव्हरमध्ये" म्हटलंय ते मुद्दाम म्हटलंय, ते सोडून वाचू नकोस. प्रश्नात अवयव दिला नसेल आणि फेड-फास्टिंग विचारलं असेल तर लिव्हर धरायचं, पण मसल किंवा हार्ट दिलं असेल तर उत्तर बदलतं. त्यावर पुढे येते.

आता बघ, गोंधळ कुठे होतो ते. ग्लायकोलिसिसमध्ये पीएफके-१ नावाचं एन्झाइम फ्रुक्टोज-६-फॉस्फेटला आणखी एक फॉस्फेट लावून फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट बनवतं. ग्लुकोनिओजेनेसिसमध्ये एफबीपेज-१ तोच फॉस्फेट काढून टाकतं. हे दोघं एकाच पायरीवर उलट्या दिशांनी काम करणारे, आणि दोघंही एकाच सेलच्या एकाच सायटोसोलमध्ये बसलेले. दोघं एकदम जोरात चालले तर एटीपी नुसता जळत राहील आणि हाती काही लागणार नाही. म्हणजे इथे असा काहीतरी सिग्नल हवा जो एकाला चालू करता करता दुसऱ्याला बंद करेल. तो सिग्नल म्हणजे १,६ नव्हे, २,६. फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट हा ग्लायकोलिसिसच्या वाटेवरचा माल नाहीच, त्याचं पुढे काही बनत नाही, तो फक्त निरोप द्यायला असतो. तो पीएफके-१ ला जाऊन चिकटतो आणि ते जागं होतं, एफबीपेज-१ ला चिकटतो आणि ते थंड पडतं. एकच रेणू, दोन एन्झाइम, दोन उलटे परिणाम. ऑप्शनमध्ये १,६ आणि २,६ शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि घाईत वाचणारा तिथेच घसरतो, त्यामुळे आकडा आधी वाच, नाव नंतर.

हा रेणू १९८० मध्ये सापडला, बेल्जियममध्ये व्हान शाफ्टिंगेन, ह्यू आणि हेर्स यांच्या ग्रुपला. तो सापडला कसा ते माहीत असेल तर पाठ करायची गरजच राहत नाही. ग्लुकॅगॉन दिल्यावर लिव्हर सेलमधलं पीएफके-१ मंदावतं हे दिसत होतं, प्रश्न होता की का. शोधता शोधता कळलं की सेलमध्ये एक छोटा रेणू आहे जो पीएफके-१ ला चेव आणतो आणि ग्लुकॅगॉन दिलं की तो गायब होतो. म्हणजे ग्लुकॅगॉन पीएफके-१ ला ब्रेक लावतं ते त्याला हात लावून नाही, त्याचा ॲक्टिव्हेटर काढून घेऊन. हे वाक्य नीट लक्षात ठेव, कारण "ग्लुकॅगॉनमुळे पीएफके-१ फॉस्फोरिलेट होऊन बंद पडतं" असा ऑप्शन असतोच, आणि तो चुकीचा आहे. फॉस्फोरिलेट होतं ते पीएफके-२.

मग आता पीएफके-२ कडे जाऊ, जरा जवळून बघू. हे एन्झाइम दुतोंडी आहे. एकाच प्रोटीन साखळीच्या एका अर्ध्या भागात कायनेज आहे, तो फ्रुक्टोज-६-फॉस्फेटपासून २,६ बनवतो, त्याला आपण पीएफके-२ म्हणतो. दुसऱ्या अर्ध्यात फॉस्फेटेज आहे, तो २,६ तोडून परत फ्रुक्टोज-६-फॉस्फेट करतो, त्याला एफबीपेज-२ म्हणतो. नावं दोन पण प्रोटीन एकच, हे बऱ्याच जणांच्या डोक्यात बसत नाही आणि मग ते चार वेगळी एन्झाइम समजून चार वेगळी नियमावली पाठ करत बसतात.

समजा रात्री ९ ला जेवलास आणि सकाळी ९ ला अजून उपाशी आहेस. रक्तातली शुगर ७०-८० च्या घरात आलीये, पॅन्क्रियाजच्या बीटा सेल शांत झाल्यात, अल्फा सेल ग्लुकॅगॉन सोडतायत. ते पोर्टल व्हेनमधून थेट लिव्हरला जातं (म्हणूनच लिव्हरला या हॉर्मोन्सची मात्रा बाकी शरीरापेक्षा जास्त मिळते). लिव्हर सेलच्या बाहेरच्या रिसेप्टरला ग्लुकॅगॉन चिकटलं की जीएस प्रोटीन, त्यातून ॲडेनिलिल सायक्लेज, त्यातून सायक्लिक एएमपी वाढतो, सायक्लिक एएमपीने प्रोटीन कायनेज ए म्हणजे पीकेए सुटं होतं, आणि पीकेए जाऊन या दुतोंडी एन्झाइमच्या एका सिरीनवर, रॅटच्या लिव्हरमध्ये तो ३२ नंबरचा, फॉस्फेट लावतं. त्या एका फॉस्फेटने कायनेजचं तोंड बंद होतं आणि फॉस्फेटेजचं उघडतं. आता २,६ बनत तर नाहीच, असलेला पण तुटत जातो. २,६ पडला म्हणजे पीएफके-१ चा ॲक्टिव्हेटर गेला आणि एफबीपेज-१ वरचं दडपण पण गेलं. ग्लायकोलिसिस बंद, ग्लुकोनिओजेनेसिस चालू, आणि हे सगळं मिनिटांत, नवीन प्रोटीन बनवायची गरज नाही.

जेवण झालं की उलट. शुगर वाढते, बीटा सेल इन्शुलिन सोडतात, इन्शुलिन एकीकडे अल्फा सेलचं ग्लुकॅगॉन दाबतं आणि दुसरीकडे लिव्हरमध्ये सायक्लिक एएमपी खाली आणून फॉस्फेटेजना कामाला लावतं, ते सिरीनवरचा फॉस्फेट काढून टाकतात. फॉस्फेट निघाला की कायनेजचं तोंड परत उघडतं, २,६ चढतो, पीएफके-१ धावायला लागतं. म्हणजे लिव्हरसाठी गणित असं: फास्टिंग म्हणजे फॉस्फोरिलेटेड, फेड म्हणजे डीफॉस्फोरिलेटेड. एन्झाइम "ॲक्टिव्ह की इनॅक्टिव्ह" हे आधी पाठ करू नकोस, आधी "फॉस्फेट आहे की नाही" हे ठरव, मग त्या स्टेटला सेलला काय हवंय ते विचार, उत्तर आपोआप निघतं. ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज फॉस्फेट लागल्यावर जागं होतं आणि पायरुव्हेट कायनेज फॉस्फेट लागल्यावर झोपतं, यात विरोध काही नाही, उपाशीपोटी पहिलं हवं असतं आणि दुसरं नको असतं एवढंच.

इथे एक प्रश्न हुशार मुलं हमखास विचारतात आणि विचारायलाच हवा. मॅडम, एटीपी आणि सिट्रेट पीएफके-१ ला बंद करतात ना, मग हॉर्मोन कशाला? मसलमध्ये ते खरं आहे, तिथे ग्लायकोलिसिस एनर्जीसाठी चालतं, एटीपी भरपूर असेल तर चालवायचं कशाला. पण लिव्हरचं जेवणानंतरचं ग्लायकोलिसिस एनर्जीसाठी नसतंच मुळी. पोट भरलेलं असताना लिव्हरमध्ये एटीपी कमी नसतो, तरीही त्याला ग्लुकोज मोडायचं असतं कारण त्यातून ॲसिटाइल-कोए काढून फॅट बनवायचं असतं. म्हणजे एटीपी ब्रेक दाबून बसलेला असताना गाडी पुढे न्यायची आहे. ते २,६ मुळे जमतं, तो एटीपीच्या ब्रेकला पुरून उरतो. लिव्हरच्या पीएफके-१ ला सेलमधल्या एटीपीच्या पातळीला २,६ शिवाय जवळजवळ काही करताच येत नाही. म्हणून "लिव्हरमध्ये पीएफके-१ चा सर्वात ताकदवान ॲक्टिव्हेटर" विचारलं तर एएमपी नाही, २,६.

दुसरा ब्रेक पायरुव्हेट कायनेजवर. हा पण लिव्हरपुरता. ग्लुकोनिओजेनेसिसमध्ये पायरुव्हेटपासून ऑक्झॅलोॲसिटेट आणि त्यापासून पीईपी एवढं चढायला दोन एन्झाइम आणि दोन हाय-एनर्जी फॉस्फेट लागतात, एक एटीपी, एक जीटीपी. एवढा खर्च करून बनवलेला पीईपी जर पायरुव्हेट कायनेजने लगेच परत पायरुव्हेट करून टाकला तर सगळंच फुकट. म्हणून त्याच ग्लुकॅगॉनचं तेच पीकेए लिव्हरच्या पायरुव्हेट कायनेजवर पण थेट फॉस्फेट लावतं आणि ते मंदावतं. इथे मात्र एन्झाइमवर थेट फॉस्फेट लागतो, पीएफके-१ सारखं आडून नाही. "ग्लुकॅगॉन ग्लायकोलिसिसचं कोणतं एन्झाइम थेट फॉस्फोरिलेट करून बंद करतं" असा प्रश्न आला आणि ऑप्शनमध्ये पीएफके-१, हेक्सोकायनेज, पायरुव्हेट कायनेज, अल्डोलेज असतील तर आता तुला विचार करायची गरज नाही.

आता पीईपीसीके, म्हणजे पीईपी कार्बॉक्सिकायनेज. यावर मुलं सरसकट "ग्लुकॅगॉनने फॉस्फोरिलेट होऊन ॲक्टिव्ह" असं ठोकतात. पीईपीसीकेचं नियंत्रण हे मुख्यतः ते किती बनवायचं यावर आहे, म्हणजे जीनवर. ग्लुकॅगॉनचं सायक्लिक एएमपी क्रेब नावाच्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरमार्फत पीईपीसीकेचा जीन चालू करतं, कॉर्टिसॉल त्याला जोर देतं, आणि इन्शुलिन तोच जीन दाबतं. दुसऱ्या टोकाला ग्लुकोकायनेज, त्याचा जीन लिव्हरमध्ये इन्शुलिन चालू करतं. हे काम मिनिटांचं नाही, तासांचं. म्हणून प्रश्नात वेळ काय दिलाय ते बघायचं. "ग्लुकॅगॉन दिल्यावर काही मिनिटांत" असं असेल तर पीकेए, २,६, पायरुव्हेट कायनेज. "२ दिवस उपाशी" किंवा "अनेक दिवस स्टिरॉइड चालू" असं असेल तर एन्झाइमचं प्रमाणच वाढलंय, पीईपीसीके आणि ग्लुकोज-६-फॉस्फेटेज. स्टिरॉइड घेणाऱ्या पेशंटची शुगर का चढते याच्या उत्तरातला एक मोठा भाग हाच आहे.

आणि पायरुव्हेट कार्बॉक्सिलेजचा ॲक्टिव्हेटर ॲसिटाइल-कोए, ते हॉर्मोन नाही. पण तो ॲसिटाइल-कोए आला कुठून? इन्शुलिन पडलं म्हणून फॅट सेलमधून फॅटी ॲसिड सुटली, ती लिव्हरमध्ये जळली, त्यातून. म्हणजे मागे हॉर्मोनच आहे पण प्रश्न "ॲलोस्टेरिक ॲक्टिव्हेटर कोण" असा असेल तर ॲसिटाइल-कोएच लिहायचं, उगाच ग्लुकॅगॉन लिहून मार्क घालवू नकोस.

एक गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते पण प्रश्नात मोठी होऊन येते. लिव्हर ग्लुकॅगॉन किती आहे हे एकटं बघत नाही, इन्शुलिन आणि ग्लुकॅगॉनचं एकमेकांशी प्रमाण बघतं. भात-पोळी खाल्ली तर इन्शुलिन वर, ग्लुकॅगॉन खाली, सरळ आहे. पण कोणी नुसती उकडलेली अंडी किंवा नुसतं चिकन खाल्लं, कार्बोहायड्रेट जवळपास शून्य, तर? अमिनो ॲसिड इन्शुलिन पण वाढवतात आणि ग्लुकॅगॉन पण. इन्शुलिन वाढायलाच हवं कारण अमिनो ॲसिड मसलमध्ये जायचीत, पण एकटं इन्शुलिन वाढलं असतं तर शुगर धाडकन पडली असती कारण जेवणात ग्लुकोज आलेलंच नाही. सोबत वाढलेलं ग्लुकॅगॉन लिव्हरला ग्लुकोज बनवत ठेवतं. त्यामुळे "प्रोटीन मील नंतर" असं लिहिलेलं दिसलं की डोळे झाकून फेड स्टेटचं उत्तर लिहायचं नाही, तिथे दोन्ही हॉर्मोन वर हे उत्तर असतं आणि ग्लुकोनिओजेनेसिस बंद झालेलं नसतं.

आता अवयवाकडे येते, सुरुवातीला म्हटलं होतं ते. स्केलेटल मसलला ग्लुकॅगॉन ऐकूच येत नाही, त्याच्याकडे त्याचे कामाचे रिसेप्टर नाहीत. त्याच्याकडे ग्लुकोज-६-फॉस्फेटेज पण नाही, म्हणजे तो रक्तात ग्लुकोज सोडूच शकत नाही. मसलला घाईची बातमी देतं ते ॲड्रिनलिन, आणि ते मसलमध्ये ग्लायकोजेन तोडून ग्लायकोलिसिस वाढवतं, कमी नाही करत. तेच ॲड्रिनलिन लिव्हरमध्ये मात्र ग्लुकॅगॉनच्या बाजूने उभं राहतं, ग्लुकोज बाहेर काढायला. एकच हॉर्मोन, दोन अवयवांत ग्लायकोलिसिसवर उलटा परिणाम. हे कसं शक्य आहे, सायक्लिक एएमपी आणि पीकेए तर तेच? शक्य आहे कारण एन्झाइमचा आयसोफॉर्म वेगळा. मसलच्या पायरुव्हेट कायनेजला पीकेए फॉस्फेट लावत नाही. स्केलेटल मसलच्या पीएफके-२ वर लिव्हरसारखी ती सिरीनची जागाच नाही. आणि हार्टमध्ये तर गंमत अशी की पीएफके-२ वर फॉस्फेट लागतो पण दुसऱ्या टोकाला, आणि त्याने कायनेज बंद न होता वाढतो, २,६ चढतो, ग्लायकोलिसिस जोरात. पळताना, घाबरताना हृदयाला तेच हवं असतं. म्हणून "फॉस्फोरिलेशनमुळे २,६ वाढतो" हा ऑप्शन लिव्हरसाठी चूक आणि हार्टसाठी बरोबर आहे. स्टेममध्ये कार्डियाक मसल लिहिलंय का ते बघ, तो शब्द उगाच कोणी लिहीत नाही.

मेंदू आणि लाल पेशींचं एका ओळीत संपतं. त्यांचं ग्लायकोलिसिस फेड असो फास्टिंग असो चालूच, इन्शुलिन-ग्लुकॅगॉनने ते बंद-चालू होत नाही. लिव्हर उपाशीपोटी हा सगळा खटाटोप करतं तो मुख्यतः यांच्यासाठीच.

आता एक केस नीट सोडवू, कारण खरी परीक्षा इथे होते. १६ वर्षांचा मुलगा, टाइप १ डायबेटिस, ताप आला म्हणून खाणं कमी झालं आणि खात नाहीये तर इन्शुलिन कशाला म्हणून २ दिवस डोस घेतला नाही. उलट्या, जोरजोरात खोल श्वास, शुगर ४२०, युरिनमध्ये कीटोन. प्रश्न: या क्षणी त्याच्या लिव्हरमध्ये फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट कसं असेल, वाढलेलं की कमी?

बरीच मुलं शुगर ४२० वाचतात आणि फेड स्टेट धरतात. ग्लुकोज भरपूर आहे म्हणजे ग्लायकोलिसिस चालू असणार, २,६ वाढलेलं. चूक. लिव्हरला ग्लुकोज आत घ्यायला इन्शुलिन लागत नाही, तिथे ग्लुट-२ आहे, ग्लुकोज आत पोचलेलंच आहे. पण इन्शुलिनचा निरोप आलेला नाही. उलट अल्फा सेलवर इन्शुलिनचा जो दाब असतो तो पण नाही, त्यामुळे शुगर ४२० असून ग्लुकॅगॉन वाढलेलं. ताप आणि स्ट्रेसमुळे कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनलिन पण वर. लिव्हरपर्यंत येणारा प्रत्येक निरोप "आपण उपाशी आहोत" असाच आहे. मग पायऱ्या त्याच लावायच्या: सायक्लिक एएमपी वर, पीकेए चालू, पीएफके-२ वर फॉस्फेट, फॉस्फेटेज उघडा, २,६ कमी. पीएफके-१ थंड, पायरुव्हेट कायनेज थंड, एफबीपेज-१ मोकळं, पीईपीसीके भरपूर. ४२० शुगर असताना त्याचं लिव्हर आणखी ग्लुकोज बनवून रक्तात ओततंय. तुझ्या प्रश्नाचं सार याच केसमध्ये आहे: स्टेट ठरवताना शुगरचा आकडा बघायचा नाही, इन्शुलिन-ग्लुकॅगॉनचं प्रमाण बघायचं. बाहेरून फेडसारखा दिसणारा हा पेशंट लिव्हरच्या दृष्टीने पक्का फास्टिंगमध्ये आहे.

हेच वॉर्डात ट्रीटमेंटमध्ये पण दिसतं. सलाईन आणि इन्शुलिनची ड्रिप चालू केली की शुगर उतरते, २००-२५० च्या आसपास आली की ड्रिपमध्ये डेक्स्ट्रोज जोडतात पण इन्शुलिन बंद करत नाहीत. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं, शुगर कमी करायची आणि वरून ग्लुकोज पण द्यायचं. पण इन्शुलिन फक्त शुगरसाठी चालू नसतं, लिव्हरला आणि फॅट सेलला फास्टिंगमधून बाहेर काढून कीटोन बनणं थांबवायला चालू असतं, आणि कीटोन उतरायला शुगरपेक्षा जास्त वेळ लागतो. त्या मधल्या वेळात शुगर फार पडू नये म्हणून डेक्स्ट्रोज. आणि हो, "खात नाहीये म्हणून इन्शुलिन बंद" हे घरोघरी होतं, टाइप १ मध्ये ते किती घातक आहे ते वरच्या पायऱ्या ज्याला येतात त्याला वेगळं सांगावं लागत नाही, म्हणून पेशंटच्या आईवडलांना हे समजावून सांगायचं काम पण पुढे तुलाच करायचंय.

दुसरी केस, ही ग्लुकॅगॉन नक्की काय काय करतं हे वेगळं करून दाखवते. ८ महिन्यांचं बाळ, सर्दीतापाने दूध कमी प्यायलं की मलूल पडतं, शुगर ३५, लॅक्टेट वाढलेलं, लिव्हर थोडं मोठं. दूध पाजल्यानंतर थोड्या वेळाने ग्लुकॅगॉन दिलं तर शुगर छान चढते. रात्रभर उपाशी ठेवल्यावर तेच ग्लुकॅगॉन दिलं तर चढत नाही. कुठल्या एन्झाइममध्ये बिघाड?

दुधानंतर लिव्हरमध्ये ग्लायकोजेन आहे. ग्लुकॅगॉनने तो तुटला, ग्लुकोज-६-फॉस्फेट बनला, त्यातून ग्लुकोज रक्तात आलं. म्हणजे ग्लुकॅगॉनचा रिसेप्टर, पीकेए, फॉस्फोरिलेज आणि ग्लुकोज-६-फॉस्फेटेज सगळं ठीक. व्हॉन गिर्केमध्ये ग्लुकोज-६-फॉस्फेटेजच नसल्यामुळे दोन्ही वेळा शुगर चढली नसती, तो ऑप्शन इथेच कटला. लांब उपासानंतर बाळाचा ग्लायकोजेन संपलाय, आता ग्लुकॅगॉनकडे एकच रस्ता उरला, ग्लुकोनिओजेनेसिस, आणि तोच अडलेला आहे. २,६ पडलाय, पीकेएने आपलं काम केलंय, स्विच बरोबर दाबला गेलाय, पण ज्याच्यासाठी दाबला ते एफबीपेज-१ च बाळाकडे नाही. लॅक्टेट वर जाऊन ग्लुकोज बनू शकत नाही म्हणून रक्तात साठतं.

एफबीपेज-१ च कशावरून, पीईपीसीके किंवा पायरुव्हेट कार्बॉक्सिलेज का नाही? प्रश्न काढणारा इथे अजून एक ओळ देतो: ग्लिसरॉल किंवा फ्रुक्टोज दिलं तरी शुगर चढत नाही, उलट आणखी पडते, पण गॅलॅक्टोज दिलं तर चढते. ग्लिसरॉल आणि फ्रुक्टोज ट्रायोज फॉस्फेटच्या पातळीवर आत शिरतात, म्हणजे पीईपीसीकेच्या वर पण एफबीपेज-१ च्या खाली. अडथळा पीईपीसीकेचा असता तर या दोघांनी शुगर वाढवली असती. गॅलॅक्टोज सरळ ग्लुकोज-१-फॉस्फेटमार्गे ग्लुकोज-६-फॉस्फेटला पोचतो, एफबीपेज-१ च्या डोक्यावरून, म्हणून तो चालतो. आजकाल असं डायग्नोसिस जेनेटिक टेस्टवर करतात, बाळाला उपाशी ठेवून फ्रुक्टोज देऊन बघणं धोक्याचं आहे, पण पेपरात ही ओळ अजून येते. आणि अशा बाळाला शुगर पडलेली असताना नुसतं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन देऊन वाट बघत बसायचं नाही, ग्लायकोजेन संपलेला असेल तर ते काहीच करणार नाही, शिरेतून ग्लुकोजच द्यायचं.